दुसऱ्याने लिहिलेले न वाचता पुसू नये

एखाद्या कर्मचाऱ्याने संगणकावर नोंद केली, पडद्यावर 'यशस्वीरीत्या सेव्ह झाले' अशी हिरवी पट्टी उमटली, आणि चार मिनिटांनी ती नोंद कोणालाही न कळता नाहीशी झाली, तर दोष कोणाचा? कागदी दप्तरात असे घडले असते तर चौकशी बसली असती. खाडाखोड कोणी केली, शेजारी सही कोणाची आहे, असे विचारले गेले असते. संगणकावर मात्र हा प्रकार गाजावाजा न होता घडतो. दोन माणसे एकच नोंद उघडतात, आपापला बदल करतात, आणि ज्याने नंतर सेव्ह केले त्याची प्रत पहिल्याच्या कामावर बसते. संगणकाच्या क्षेत्रात या दोषाला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात. त्याचा उपाय चार दशकांपासून माहीत आहे, त्याला वेगळे यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. तरीही कार्यालयीन कामासाठी लिहिलेल्या कित्येक प्रणालींत तो केलेला नसतो. हा दोष माहीत असूनही तो राहू देणे ही कर्तव्यातली कसूर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे नीट समजावे म्हणून एका पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोजच्या कामातली आहे. एका सभासदाने लग्नाआधी नॉमिनी म्हणून भावाचे नाव दिले होते. लग्नानंतर तो शाखेत येतो आणि पत्नीला नॉमिनी करण्याचा अर्ज देतो. लग्नानंतर त्याने घरही बदलले आहे, नवा मोबाइल क्रमांकही घेतला आहे. त्या बदलाची कागदपत्रे केवायसीसाठी मुख्य कार्यालयात पोहोचली आहेत. आता सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी शाखेतल्या क्लार्कबाई त्याची नोंद उघडतात. ११ वाजून ७ मिनिटांनी मुख्य कार्यालयातले केवायसी पाहणारे लेखनिक तीच नोंद उघडतात. दोघांच्याही पडद्यावर नॉमिनीच्या रकान्यात 'भाऊ' आहे आणि मोबाइलच्या रकान्यात जुना क्रमांक आहे.

११ वाजून १० मिनिटांनी क्लार्कबाई नॉमिनी बदलून पत्नीचे नाव टाकतात, सेव्ह करतात आणि सभासदाच्या हातात छापील पोच देतात. सभासद निर्धास्त होऊन घरी जातो. ११ वाजून १४ मिनिटांनी लेखनिक नवा मोबाइल क्रमांक आणि पत्ता टाकून सेव्ह करतात. त्यांनी नॉमिनीच्या रकान्याकडे पाहिलेलेही नाही. पण त्यांचा फॉर्म सगळेच रकाने परत पाठवतो, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये नॉमिनी अजून 'भाऊ'च आहे. प्रणाली डेटाबेसला जी आज्ञा देते ती साधारण अशी असते:

```sql
UPDATE sabhasad
SET mobile = :mobile, patta = :patta, nominee = :nominee
WHERE id = 1482;
```

या आज्ञेत चूक काही नाही. क्रमांक १४८२ च्या नोंदीत या किमती भर, एवढेच ती सांगते. डेटाबेस आज्ञाधारकपणे ते करतो. मोबाइल नवा होतो, पत्ता नवा होतो, आणि नॉमिनी पुन्हा भाऊ होतो. दोन्ही पडद्यांवर हिरवी पट्टी आलेली आहे. दोघांनीही आपले काम चोख केले आहे.

याचा पत्ता कधी लागतो? पत्ता चुकला तर पत्र परत येते, मोबाइल चुकला तर ओटीपी पोहोचत नाही. नॉमिनीचा रकाना मात्र सभासद जिवंत असेपर्यंत कोणी वाचत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० मध्ये सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग किंवा हितसंबंध नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे करण्याची तरतूद आहे. मालकीहक्काचा अखेरचा निवाडा पुढे न्यायालयात काहीही होवो, संस्थेच्या खिडकीवर पहिला शब्द नॉमिनीचा असतो. म्हणजे ११ वाजून १४ मिनिटांनी झालेली चूक पंधरा वर्षांनी, घरात दुःख असताना, एका विधवेला खिडकीवर कळते. तोवर अर्जाची फाइल कोणत्या गोदामात आहे हे सांगणारा माणूसही निवृत्त झालेला असतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. 'आमच्याकडे ऑडिट लॉग आहे, सगळे कळते' असे अनेक जण सांगतात. या घटनेत तो लॉग काय सांगेल ते पाहा. ११ वाजून १० मिनिटांनी शाखेतून नॉमिनी भावावरून पत्नीवर बदलला, आणि ११ वाजून १४ मिनिटांनी मुख्य कार्यालयातल्या लेखनिकांनी तो पत्नीवरून पुन्हा भावावर बदलला, असे त्यात तारीखवेळेसह लिहिलेले असेल. लेखनिकांनी असे काही केलेलेच नाही. पण वाचणाऱ्याला दिसेल ते हेच, की अर्ज आल्यावर चार मिनिटांत कोणीतरी मुद्दाम जुने नाव परत घातले. पैशाचा मामला आहे, भावाशी संगनमत असल्याचा संशय येणे अगदी साहजिक आहे. लॉग नसेल तर ठपका क्लार्कबाईंवर येतो, की त्यांनी नोंद केलीच नाही आणि नुसती पोच दिली. लॉग असेल तर तो लेखनिकांवर येतो. प्रणाली लिहिणाऱ्यावर तो कधीच येत नाही. म्हणून मी याला नीतीचा प्रश्न म्हणतो. आपल्या कामातली उणीव एका प्रामाणिक माणसाच्या नावावर खोटी साक्ष म्हणून नोंदवली जाणार असेल, तर ती उणीव राहू देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

'असे किती वेळा होणार? दोघांनी एकाच क्षणी सेव्ह दाबायला हवे ना?' हा पहिला आक्षेप असतो. त्यात मोठा गैरसमज आहे. एकाच क्षणाची गरजच नाही. नोंद उघडल्यापासून सेव्ह करेपर्यंत फॉर्म जितका वेळ पडद्यावर उघडा असतो, तो सगळा वेळ धोक्याचा आहे. कोणी फॉर्म उघडा ठेवून जेवायला गेले तर धोका पाऊण तासाचा आहे. शिवाय अशा धडका योगायोगाने होतात असे समजणेही बरोबर नाही. माणसाच्या आयुष्यात लग्न, बदली, मृत्यू, घरबदल असे काही घडते तेव्हा त्याच्या नोंदीतले तीन-चार रकाने एकदमच बदलायला येतात, आणि ते वेगवेगळ्या टेबलांवर बदलले जातात. वर्षभर जिला कोणी हात लावत नाही ती नोंद त्याच दिवशी दोन ठिकाणी उघडली जाते. मार्चअखेर किंवा केवायसी मोहीम असली की हे आणखी वाढते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: 'आम्ही ट्रान्झॅक्शन वापरतो, डेटाबेस सांभाळून घेतो.' ट्रान्झॅक्शन आपल्या हद्दीत चोख काम करते, पण तिची हद्द लहान असते. लेखनिकांनी ११ वाजून ७ मिनिटांनी नोंद वाचली तेव्हा एक ट्रान्झॅक्शन झाली आणि संपली. ११ वाजून १४ मिनिटांनी सेव्ह केले तेव्हा दुसरी सुरू झाली. मधली सात मिनिटे डेटाबेसच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. नोंद जुन्या माहितीच्या आधारे भरली आहे हे डेटाबेसला कळावे, असे त्याला कोणी काही सांगितलेलेच नाही.

कागदी रजिस्टर होते तेव्हा हा प्रश्न नव्हता, याचे कारण सोपे आहे. रजिस्टर एकच असे आणि ते एका वेळी एकाच्याच टेबलावर असे. दुसऱ्याला लिहायचे तर त्याने ते मागून घ्यायचे, आणि हातात आले की वरची ताजी नोंद डोळ्यांसमोर असायचीच. संगणकाने प्रत्येकाला स्वतंत्र प्रत दिली. सोय मोठी झाली, पण 'तुझ्या हातातली प्रत अजून ताजी आहे का?' हे विचारण्याचे काम आपोआप होत होते, ते सुटले. ते आता आपण मुद्दाम करायला हवे.

ते करण्याची रीत अशी. प्रत्येक नोंदीत एक आकडा ठेवायचा, त्याला व्हर्जन म्हणू. नोंद बदलली की आकडा एकाने वाढतो. नोंद उघडताना हा आकडाही फॉर्मबरोबर पडद्यावर येतो, दिसला नाही तरी चालतो. सेव्ह करताना तो परत पाठवायचा आणि डेटाबेसला सांगायचे, की आकडा अजून हाच असेल तरच बदल कर.

```sql
UPDATE sabhasad
SET mobile = :mobile, patta = :patta, nominee = :nominee,
    version = version + 1
WHERE id = 1482 AND version = 7;
```

आता तीच सकाळ पुन्हा पाहू. दोघांनी नोंद उघडली तेव्हा व्हर्जन ७ होते. क्लार्कबाईंनी सेव्ह केले, अट जुळली, एक ओळ बदलली आणि व्हर्जन ८ झाले. चार मिनिटांनी लेखनिकांची आज्ञा आली, तिच्यात अट आहे व्हर्जन ७ ची. अशी ओळ आता डेटाबेसात नाही. त्यामुळे काहीच बदलत नाही, आणि डेटाबेस उत्तर देतो की बदललेल्या ओळींची संख्या शून्य. हे शून्य म्हणजे सगळ्या उपायाचा प्राण आहे. प्रणालीने ते वाचायचे, हिरवी पट्टी दाखवायची नाही, आणि लेखनिकांना सांगायचे की तुम्ही नोंद उघडल्यानंतर ती बदलली आहे.

तपासणी आणि बदल एकाच आज्ञेत आहेत, हेही महत्त्वाचे. दोन सेव्ह खरोखरच एका क्षणी आले तरी डेटाबेस ती ओळ एकाच्याच ताब्यात देतो. दुसरा थांबतो, पहिल्याचे काम पुरे झाले की अट नव्याने पाहिली जाते, आणि त्याला शून्य मिळते. कोणी आधी व्हर्जन वाचून प्रोग्राममध्ये तुलना केली आणि मग बिनअटीचा `UPDATE` केला, तर त्या दोन पावलांच्या मध्ये फट राहते आणि जुना दोष तिथून परत येतो.

आधी कोणाला अडवायचे नाही, शेवटी तपासायचे, या विचाराला 'ऑप्टिमिस्टिक' पद्धत म्हणतात. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली त्यावर जो शोधनिबंध लिहिला तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. आज जावाच्या जेपीएमध्ये `@Version` ही एक खूण पुरते, रेल्समध्ये `lock_version` नावाचा रकाना दिला की तपासणी आपोआप होते. जँगोमध्ये तयार सोय नाही, पण अट घालून `update()` करणे आणि परत आलेली संख्या पाहणे एवढेच ते काम आहे. वेबवरच्या देवाणघेवाणीसाठीही रीत ठरलेली आहे: सर्व्हर नोंदीबरोबर `ETag` देतो, सेव्ह करताना तोच `If-Match` मध्ये परत पाठवायचा, आणि तो जुना झाला असेल तर सर्व्हर `412 Precondition Failed` असे उत्तर देतो. २०१२ साली या नियमांत `428 Precondition Required` हे उत्तर आले. अट न घालता सेव्ह करू पाहणाऱ्याला परत पाठवण्यासाठी ते आहे, आणि त्या दस्तऐवजात कारण म्हणून याच 'लॉस्ट अपडेट'चे नाव घेतलेले आहे. इतके सगळे हाताशी असताना 'वेळ मिळाला नाही' ही सबब टिकत नाही.

उपाय केला असे समजून तो फुकट घालवण्याचे प्रकारही आहेत. त्यातले दोन मी मुद्दाम सांगतो, कारण ते चांगल्या प्रोग्रामरच्या हातूनही घडतात.

पहिला असा. डेटाबेसात व्हर्जनचा रकाना आहे, `@Version` लावले आहे, पण तो आकडा फॉर्मबरोबर पडद्यापर्यंत गेलेलाच नाही. मग सेव्हच्या वेळी प्रोग्राम काय करतो? नोंद नव्याने वाचतो, तिचे व्हर्जन आता ८ आहे. तिच्यावर फॉर्ममधल्या जुन्या किमती चढवतो आणि सेव्ह करतो. अट असते व्हर्जन ८ ची, ओळही ८ ची, सगळे जुळते, आणि नॉमिनी पुन्हा भाऊ होतो. तपासणी झाली, पण तपासले ते भलतेच. माणसाने जी प्रत पाहून निर्णय घेतला त्या प्रतीचा आकडा तपासायला हवा होता. प्रोग्रामने सेव्हच्या क्षणी वाचलेल्या प्रतीचा आकडा तपासून काय साधणार? बाहेरून पाहणाऱ्याला अशी प्रणाली सुरक्षित वाटते, म्हणून ही उणीव उघड्या दोषापेक्षा जास्त घातक आहे.

दुसरा प्रकार याहून क्लेशदायक आहे. तपासणी बरोबर होते, शून्य येते, चूक पकडली जाते. मग प्रोग्रामर ठरवतो की वापरणाऱ्याला त्रास नको, आणि ताजे व्हर्जन वाचून तोच फॉर्म आपोआप पुन्हा सेव्ह करतो. दुसऱ्या खेपेला तो सेव्ह होतोच. पहारेकऱ्याने चोर पकडला आणि पाणी पाजून आत सोडला, असाच हा प्रकार. यंत्राने यंत्राशी केलेल्या काही कामांत आपोआप पुन्हा प्रयत्न करणे योग्य असते, पण तिथे ताजी माहिती घेऊन हिशेब नव्याने करावा लागतो. माणसाने भरलेल्या फॉर्मच्या बाबतीत तो नवा हिशेब त्या माणसालाच करू द्यायला हवा.

व्हर्जनऐवजी 'शेवटी बदलल्याची वेळ' तपासण्याची सवयही अनेकांना आहे. मायएसक्यूएलचा साधा `DATETIME` सेकंदापर्यंतच वेळ ठेवतो, त्यामुळे एकाच सेकंदात झालेले दोन बदल त्याला सारखेच दिसतात. उलट डेटाबेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवत असेल आणि ब्राउझर मिलिसेकंदापर्यंतच परत पाठवत असेल, तर कोणी काही बदललेले नसतानाही वेळ जुळत नाही. साध्या आकड्याला असले आजार नाहीत.

आता काही जण सुचवतात, की एकाने नोंद उघडली की दुसऱ्यासाठी ती बंदच ठेवावी. कुलूप लावण्याची ही कल्पना ऐकायला चोख वाटते. पण क्लार्कबाई नोंद उघडून खिडकीवरच्या गर्दीत अडकल्या, किंवा वीज गेली, की ती नोंद कोणालाच मिळत नाही. मग फोनाफोनी होते, मग दहा मिनिटांनी आपोआप उघडणारे कुलूप येते. पण अकराव्या मिनिटाला पहिल्या माणसाचा फॉर्म अजून त्याच्या पडद्यावर उघडाच आहे, त्यात जुनी प्रत आहे, आणि मधल्या वेळात दुसऱ्याने नोंद बदलली आहे. म्हणजे मुदतीचे कुलूप लावले तरी सेव्हच्या वेळी व्हर्जन तपासावेच लागते. दिवसभर चालणाऱ्या आणि जोडून घेता न येणाऱ्या कामासाठी, उदाहरणार्थ पोटनियमांचा मसुदा लिहिताना, कुलूप जरूर असावे. पण ते तपासणीच्या जोडीला असावे.

'मग फक्त बदललेलेच रकाने पाठवा, भांडणच मिटले' असाही एक मार्ग सांगितला जातो. आपल्या उदाहरणात तो चालला असता, कारण मोबाइल आणि नॉमिनी यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण रकाने नेहमीच इतके परके नसतात. एकाने नॉमिनीचे नाव बदलून मुलाचे केले, आणि दुसऱ्याने, जुने नाव समोर ठेवून, नात्याचा रकाना दुरुस्त करून 'पत्नी' केला, तर नोंदीत मुलाचे नाव आणि पत्नीचे नाते असे मिश्रण तयार होते. ते दोघांपैकी कोणीही लिहिलेले नाही. कोणत्याही माणसाने पाहून मान्य न केलेली नोंद दप्तरात खरी म्हणून बसणे, हा त्या नोंदीवर विसंबणाऱ्या सगळ्यांचा विश्वासघात आहे.

आता लेखनिकांचे सेव्ह अडवले, पुढे काय? इथे बहुतेक प्रणाली माणसाला वाऱ्यावर सोडतात. 'कॉन्करन्सी एरर, पुन्हा प्रयत्न करा' अशी लाल ओळ येते आणि भरलेला फॉर्म कोरा होतो. लेखनिक वैतागतात, सगळे पुन्हा टाइप करतात, आणि पुढच्या वेळी असे काही आले की न वाचता पुढे जायला शिकतात. अडवायचे असेल तर सौजन्याने आणि पुरेशी माहिती देऊन अडवावे. भरलेला एक शब्दही जाऊ देऊ नये. संदेश असा असावा: 'तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर शाखेतून ११:१० वाजता नॉमिनी बदलला आहे. तुमचा बदल अजून सेव्ह झालेला नाही.' त्याखाली तीन किमती शेजारी शेजारी दाखवाव्यात: उघडताना काय होते, आता दप्तरात काय आहे, आणि तुम्ही काय भरले आहे. त्यासाठी मूळ प्रत फॉर्मबरोबर जपून ठेवावी लागते, पण त्या तिन्हींवरूनच कळते की नॉमिनीचा रकाना लेखनिकांनी बदललेलाच नाही. मग प्रणाली स्वतःच जोडलेली नोंद मांडू शकते, ज्यात पत्नीचे नाव आणि नवा मोबाइल दोन्ही आहेत. लेखनिक ती नजरेखालून घालतात आणि सेव्ह दाबतात. या खेपेला अट व्हर्जन ८ ची असते. सगळ्या कामाला अर्धे मिनिट लागते, आणि जे सेव्ह झाले ते एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असते.

या उपायाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. व्हर्जनची तपासणी एका नोंदीपुरती असते. समजा एका सभासदाचे दोन नॉमिनी आहेत, एकाचा वाटा ५० टक्के, दुसऱ्याचा ४०, आणि उरलेले १० टक्के वाटायचे आहेत. एक क्लार्क पहिल्याचा वाटा ६० करतो, दुसरा क्लार्क दुसऱ्याचा ५० करतो. प्रत्येकाच्या पडद्यावर बेरीज १०० आहे. ओळी वेगळ्या, व्हर्जन वेगळी, दोन्ही बदल तपासणीतून पार होतात आणि बेरीज ११० होते. म्हणून ज्या नोंदी मिळून एकच अर्थ सांगतात त्यांना एकच व्हर्जन हवे. नॉमिनीच्या कोणत्याही ओळीला हात लागला तरी सभासदाच्या मूळ नोंदीचा आकडा तपासला आणि वाढवला गेला पाहिजे. शिल्लक रक्कम तर फॉर्ममधून परत यायलाच नको. तिथे जमा-नावेच्या ओळी वाढवत जाणे हीच जुनी आणि बरोबर रीत.

दुसरी मर्यादा दारांची आहे. पडद्यावरच्या फॉर्ममध्ये तपासणी आहे, पण रात्री चालणारे एक्सेलचे अपलोड बिनअटीचा `UPDATE` करते, किंवा मोबाइल ॲप वेगळ्या वाटेने लिहिते, तर सगळी मेहनत पाण्यात जाते. दुपारी काढलेली एक्सेल फाइल रात्री परत चढवणे म्हणजे बारा तास उघडा ठेवलेला फॉर्म सेव्ह करणेच आहे. त्या फाइलमध्येही व्हर्जनचा स्तंभ असला पाहिजे, आणि न जुळलेल्या ओळींची यादी सकाळी माणसाच्या टेबलावर आली पाहिजे.

मी हे प्रोग्रामरांना सांगतो आहे, तसेच संस्थांचे सचिव, व्यवस्थापक आणि संचालक यांनाही सांगतो आहे. सॉफ्टवेअर घेताना रंग, रिपोर्ट आणि किंमत यांची चर्चा होते. 'एकाच नोंदीवर दोघांनी काम केले तर काय होते?' हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारला नाही म्हणून विकणारा उत्तर देत नाही. नंतर सेव्ह करणारा जिंकतो, हा निसर्गाचा नियम नव्हे. कोणीतरी न बोलता घेतलेला तो निर्णय आहे, आणि त्याची किंमत त्या निर्णयात ज्यांना विचारले गेले नाही ते सभासद आणि ते कर्मचारी मोजतात. हा प्रश्न करारात लेखी असला पाहिजे.

तपासायला तज्ज्ञ लागत नाही. चाचणीसाठी ठेवलेली एक नोंद दोन संगणकांवर उघडा. पहिल्यावर एक रकाना बदलून सेव्ह करा. मग दुसऱ्यावर, पान ताजे न करता, वेगळा रकाना बदलून सेव्ह करा. दोन्हीकडे हिरवी पट्टी आली आणि पहिला बदल पुसला गेला असेल, तर तुमच्या दप्तरातली कोणतीही नोंद कोणी लिहिली हे तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही. तसे आढळले तर विक्रेत्याला आजच लेखी कळवा, आणि व्हर्जनची तपासणी सगळ्या दारांवर बसेपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका.